एकाच फ्लॅटचे तीन नकाशे समोर आहेत, निवडायचा कुठला?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीनं लातूरला औसा रोडच्या बाजूला टू बीएचके फ्लॅट बुक केला. विटांचं काम अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून बिल्डरकडून आतल्या भिंतींचे पर्याय मिळाले: एक माहितीपत्रकातला रंगीत नकाशा, एक ओपन किचनचा आणि एक कार्यालयातल्या ड्राफ्ट्समननं दोन दारं सरकवून काढलेला साधा काळापांढरा. तिन्हींच्या इमेज तिनं मला मोबाइलवर पाठवल्या आणि फोन केला, "दादा, यातला कुठला घ्यावा ते सांगा बरं. आम्हाला तर रंगीतच बरा दिसायलाय."

रंगीत बरा दिसतोच, कारण तो तसा दिसावा म्हणूनच काढलेला असतो. मी बरीच वर्षं नकाशे काढण्याचंच काम करतो, त्यामुळे तिन्ही इमेज एका पातळीवर आणून कशा तपासायच्या ते तिला आणि दाजींना बसवून दाखवलं. ती पद्धत इथे सविस्तर लिहितो. लागणारं सामान म्हणजे शाळेच्या दुकानात मिळणारा आलेख कागद, जाड पुठ्ठा, पट्टी, रंगीत पेन्सिली आणि मोजपट्टी.

आधी तिन्ही चित्रं एका दिशेला आणि एका मापात आणा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली इमेज दबून येते आणि बारीक आकडे पुसट होतात. ९ इंच आणि ६ इंच यातला फरकच कळेनासा होतो. म्हणून नकाशा डॉक्युमेंट म्हणून, जमल्यास पीडीएफ मागवा.

मग उत्तर दिशेचा बाण शोधा. तिन्ही चित्रं अशी फिरवा की उत्तर वर येईल. हे करतानाच आमच्या लक्षात आलं की दुसऱ्या नकाशात काहीतरी उलटं आहे. लिफ्ट आणि जिना पहिल्या नकाशात मुख्य दाराच्या डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे होते. तो नकाशा समोरच्या फ्लॅटचा होता, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा. एका मजल्यावरचे फ्लॅट बहुतेक वेळा असे एकमेकांची उलट प्रत असतात आणि चित्र कुठल्या फ्लॅटचं आहे याकडे देणाऱ्याचंही लक्ष नसतं. अक्षरं सरळ वाचता येतात, त्यामुळे ही चूक नजरेतून सुटते. लिफ्ट, जिना आणि डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा, या तीन गोष्टी कुठल्या बाजूला आहेत ते प्रत्येक चित्रात बघा. त्या जुळत नसतील तर फोटो एडिटरमध्ये इमेज आडवी पलटवा आणि आपल्या फ्लॅटच्या नंबराचा नकाशा मागून घ्या. बाणावरही एकदम विसंबू नका. साईटवर जाऊन सकाळी ऊन कुठून येतंय ते बघितलं तरी पुरतं. मोबाइलचा कंपास वापरायचा तर तो लोखंडी सळयांपासून लांब धरा.

आता माप. प्रिंट काढा आणि ज्या खोलीचं माप लिहिलेलं आहे ती पट्टीनं मोजा. आमच्या पहिल्या चित्रात हॉल १६ फूट बाय ११ फूट लिहिलेला होता. १६ फुटांची बाजू प्रिंटवर ८ सेंटिमीटर भरली, म्हणजे एक फुटाला अर्धा सेंटिमीटर. मग ११ फुटांची बाजू साडेपाच सेंटिमीटर यायला हवी, ती आली. तिसऱ्या चित्रात मात्र १६ फुटांला ९.६ सेंटिमीटर होते आणि ११ फुटांला फक्त ६.१, जिथे ६.६ हवे होते. असा फरक दिसला की लगेच कुणावर संशय घेऊ नका. शेजारच्या खोलीचीही तीच दिशा मोजा. तिथेही त्याच प्रमाणात कमी भरलं तर इमेज नुसती दाबली गेली आहे. एकाच खोलीत फरक असेल तर आकडा किंवा रेषा, दोन्हींपैकी एक चुकलं आहे आणि ते विचारलंच पाहिजे. आमची इमेज दाबलेली होती.

यानंतर चित्र बाजूला ठेवून आकड्यांवरून तिन्ही नकाशे आलेख कागदावर एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर या मापानं काढा. दोन कागद चिकटवले की टू बीएचके त्यात बसतो. आतली भिंत ४ ते ५ इंच, बाहेरची ६ किंवा ९ इंच धरा, म्हणजे अर्धा-पाऊण सेंटिमीटर. कॉलम काळे भरा आणि प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते कमानीनं दाखवा. हे करताना कळतं की कुठल्या इमेजमध्ये काय गाळलंय. ओपन किचनच्या चित्रात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधला कॉलम काढलेलाच नव्हता. कागदावर भिंत गेली तरी तो कॉलम तिथे उभाच राहणार होता.

बाहेरच्या खिडक्या तिन्ही चित्रांत सारख्या आहेत ना, हेही बघा. इमारतीचा दर्शनी भाग मंजूर झालेला असतो, आतला पर्याय बदलला म्हणून खिडकी रुंद होत नाही. आमच्याकडे रंगीत चित्रात हॉलची खिडकी ६ फूट, तर मंजूर नकाशात ४ फूट होती. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांत पाहता येतो. खिडक्या त्यातल्याच धरा.

घर कसं होतं ते एकदा सांगतो

म्हणजे पुढचं नीट कळेल. पूर्वेला लॉबी आणि मुख्य दार, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. उत्तरेच्या पट्ट्यात आधी १६ बाय ११ चा हॉल, मग वायव्य कोपऱ्यात ११ बाय ११ ची मोठी बेडरूम. दक्षिणेच्या पट्ट्यात ८ बाय १० चं स्वयंपाकघर आणि त्यामागे ड्राय बाल्कनी, मग दोन बाथरूम, मग नैऋत्येला छोटी बेडरूम. दोन पट्ट्यांच्या मध्ये ३ फुटांची जाण्यायेण्याची जागा.

'अ' म्हणजे रंगीत नकाशात मोठ्या बेडरूमचं दार हॉलच्या पश्चिम भिंतीत मधोमध होतं आणि स्वयंपाकघराचं दारही त्याच्या भिंतीत मधोमध. 'ब' म्हणजे ओपन किचनच्या नकाशात स्वयंपाकघराची हॉलकडची भिंत काढून तिथे बसून खायचा कट्टा होता. 'क' म्हणजे ड्राफ्ट्समनच्या नकाशात बेडरूमचं दार हॉलमधून काढून पॅसेजच्या बाजूला कोपऱ्यात नेलं होतं आणि स्वयंपाकघराचं दार पश्चिम कोपऱ्यात सरकवलं होतं. खोल्यांची मापं तिन्हीत तीच.

चालणं: आपला दिवस पेन्सिलीनं काढा

नकाशावर "हालचाल कशी होते" असं नुसतं बघून काही कळत नाही. ज्या घरात राहता तिथला एक दिवस आठवा आणि प्रत्येक फेरी वेगळ्या रंगानं काढा. बहिणीला मी विचारलं की दिवसात सगळ्यात जास्त वेळा कुठून कुठे जातेस. ती म्हणाली, "पाण्यापाशी." लातूरकराला हे समजावून सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आम्ही विसरलेलो नाही. अजूनही घराघरात ड्रम भरून ठेवतात. तेव्हा पहिली रेघ ड्राय बाल्कनीतल्या ड्रमपासून ओट्यापर्यंत, दुसरी ड्रमपासून बाथरूमपर्यंत. मग मुख्य दारातून भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात, सासूबाईंची रात्री हॉलमधल्या दिवाणापासून संडासापर्यंत, मुलांची बेडरूममधून बाथरूमला आणि पाहुण्यांची सोफ्यापासून बेसिनपर्यंत.

रेघा झाल्या की दोनच गोष्टी बघायच्या. रेघ कुणाच्या बसण्याच्या किंवा झोपण्याच्या जागेतून जाते का? आणि ती जिथून जाते तिथे किती रुंदी उरते? एका माणसाला सहज जायला अडीच फूट लागतात. हातात बादली असेल किंवा म्हातारं माणूस काठी टेकत जात असेल तर ३ फूट हवेत.

'अ' मध्ये मोठ्या बेडरूमची प्रत्येक रेघ हॉलमधून तिरकी गेली. टीव्ही बघणाऱ्यांच्या पुढून मुलं ये-जा करणार, आणि गावाकडची माणसं मुक्कामाला आली, हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या की रात्री उठणारा त्यांच्या पायांवरून जाणार. 'ब' मध्ये वेगळीच अडचण निघाली. तो खायचा कट्टा सव्वा फूट पुढे आलेला होता आणि त्यापुढे स्टूल. स्टुलावर माणूस बसला की आणखी दीड फूट तरी जातो. ३ फुटांच्या वाटेत उरतात ३ इंच. चित्रात स्टुलं कट्ट्याखाली सरकवलेली दाखवली होती, म्हणून वाट मोकळी दिसत होती. खुर्ची, स्टूल, कपाटाचं दार, ओव्हन या सगळ्या गोष्टी उघड्या किंवा वापरात असतानाच्या काढा.

'क' मध्ये स्वयंपाकघराचं दार आणि ड्राय बाल्कनीचं दार पश्चिमेच्या भिंतीलगत एका रेषेत आले. पाण्याची वाट सरळ झाली, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीला न घासता जाता आलं. 'अ' मध्ये तीच वाट स्वयंपाकघर तिरकं कापत होती.

आणखी एक खूण सांगतो. दारं एकमेकांवर आपटतात का ते कमानी काढल्यावर लगेच दिसतं. दोन कमानी एकमेकींना छेदत असतील तर रोज कुणीतरी दार धरून थांबणार. हे बहुधा फक्त बिजागरी दुसऱ्या बाजूला घेऊन सुटतं, त्याला खर्च येत नाही.

उजेड: आपल्याकडे तो किती हवा हेही ठरवायचं असतं

मराठवाड्यात उजेडाबरोबर ऊन येतं, त्यामुळे "भरपूर खिडक्या" एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक खिडकीपुढे तिची दिशा लिहा.

उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर शांत उजेड मिळतो. फक्त मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळी थोडं तिरकं ऊन आत येतं, कारण त्या दिवसांत सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. दक्षिणेची खिडकी आपल्या भागात गुणी असते. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरअखेरीस लातूरला दुपारी सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो. खिडकीचा वरचा काठ ७ फुटांवर आणि त्याच उंचीवर छज्जा असेल, तर ऊन जमिनीवर साधारण ४ फूट आत येतं. थंडीत सासूबाईंना बसायला ती जागा. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग नाही. एप्रिलच्या मध्यात दुपारी साडेचारला सूर्य बरोबर पश्चिमेला, साधारण ३० अंशांवर असतो. तोच हिशेब केला तर छज्जा असूनही ऊन १० फूट आत येतं. म्हणजे ११ फुटांची बेडरूम जवळजवळ सगळी तापते.

तिन्ही नकाशांत ही पश्चिमेची खिडकी तीच असल्यामुळे प्रश्न असा होता की कुठल्या पर्यायात पलंग आणि कपाट त्या उन्हाच्या पट्ट्यातून बाहेर ठेवता येतात, आणि ऊन अडवायला बाहेरून वाळ्याचा पडदा किंवा बांबूची चीक लावायला जागा आहे का. काचेच्या आतल्या पडद्यानं ऊन अडतं, पण काचेतून आलेली उष्णता आतच राहते. पडदा बाहेर असेल तर फरक जाणवतो.

उजेड किती आत पोचतो याचा कामापुरता अंदाज म्हणजे खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या दोन-अडीच पट, म्हणजे ७ फूट असेल तर १४ ते १७ फूट. आमचा हॉल उत्तरेच्या खिडकीपासून ११ फूटच खोल, त्यामुळे तो तिन्हीत ठीक. त्यामागची ३ फुटांची वाट धरली तरी चालतं. अंधार पडणार होता तो पॅसेजच्या पश्चिम टोकाला, जिथे कुठल्याच खिडकीचा उजेड थेट येत नाही. नकाशावर प्रत्येक खिडकीपासून आत उजेडाचा पट्टा पिवळ्या पेन्सिलीनं रंगवा, भिंत आली की थांबा. जो भाग कोरा राहील तिथे दिवसा दिवा लागणार. 'क' मध्ये बेडरूमचं दार पॅसेजमध्ये उघडत असल्यामुळे दार उघडं असताना तिथे थोडा उजेड येतो. 'अ' मध्ये तेवढाही नाही. दारावर काचेची झडप ठेवली तर दार बंद असतानाही काम भागतं.

'ब' चा खरा गुण इथे दिसला. भिंत नसल्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून आलेला वारा दक्षिणेला ड्राय बाल्कनीतून निघून जातो. दाजींचं म्हणणं बरोबर होतं, "आरपार हवा तर त्यातच हाय." पण फोडणीचा ठसका आणि ठेच्याच्या मिरच्या भाजल्याचा धूरही त्याच वाटेनं हॉलमध्ये येणार होता.

एक बारकावा नकाशात कधीच कळत नाही. दोन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते. ४ फुटांची खिडकी वाऱ्यासाठी २ फुटांची असते. त्यात उन्हाळ्यात कूलर बसवला की उघडी बाजू कूलरनं जाते आणि उजेडही अर्धा होतो. कूलरला ओली हवा बाहेर जायला समोरची वाट लागते, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा येत नाही. म्हणून कूलर कुठल्या खिडकीत आणि त्याची हवा कुठल्या दाराखिडकीतून बाहेर, हे दोन बाणांनी काढा. डक्टमध्ये उघडणारी खिडकी वाऱ्याला थोडी चालते, पण खालच्या मजल्यांवर ती उजेडाची खिडकी म्हणून धरू नका. आणि शेजारच्या प्लॉटवर उद्या इमारत उठली तर काय राहील, हे नकाशा सांगत नाही. ते साईटवर उभं राहूनच बघावं लागतं.

सामान: चित्रातला पलंग मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. रंगीत चित्रातला पलंग आम्ही पट्टीनं मोजला. अडीच सेंटिमीटर बाय २.८, म्हणजे त्या मापात ५ फूट बाय ५ फूट ७ इंच. दाजींची उंचीच त्याहून जास्त आहे. त्यांचा घरातला पलंग ६ बाय साडेसहा. सोफाही २ फूट खोल काढलेला, प्रत्यक्षात तो पावणेतीन-तीन फूट असतो. सामान असं आखडून काढलं की कुठलीही खोली ऐसपैस दिसते.

म्हणून चित्रातलं सामान सोडून द्या. आत्ता घरात जे आहे आणि जे नव्या घरात नक्की येणार आहे ते मोजा आणि एक फुटाला एक सेंटिमीटर या मापानं पुठ्ठ्याचे तुकडे कापा. आमच्या यादीत होतं: पलंग, लोखंडी कपाटं दोन (३ फूट रुंद, दीड फुटाहून थोडी खोल), दिवाण, सोफा, फ्रिज, ज्वारीची कोठी, देवघर, वॉशिंग मशीन आणि पाण्याचे दोन ड्रम, प्रत्येकी २ फूट व्यासाचे. प्रत्येक तुकड्याला वापरायची जागाही चिकटवा: कपाटापुढे अडीच फूट, पलंगाच्या किमान एका बाजूला २ फूट.

मग भिंती बघा. खोलीच्या क्षेत्रफळापेक्षा सलग कोरी भिंत किती मिळते यावर सामान बसतं. मोठ्या बेडरूममध्ये उत्तर आणि पश्चिम भिंतीत खिडक्या. 'अ' मध्ये पूर्वेच्या भिंतीत मधोमध दार, त्यामुळे ११ फुटांचे ४ आणि ४ असे दोन तुकडे झाले. कपाट दोन ठिकाणी बसतं, पण दार उघडलं की एका कपाटावर येतं. पलंग दक्षिणेच्या भिंतीला, डोकं दक्षिणेला, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. हे चांगलं. 'क' मध्ये दार दक्षिणेच्या भिंतीत पूर्व कोपऱ्याला. पूर्वेची भिंत सलग राहिली. उघड्या दाराला ३ फूट सोडले तरी ८ फूट उरतात, त्यात दोन्ही कपाटं शेजारी शेजारी बसतात. हॉलचीही पश्चिम भिंत अखंड ११ फूट मिळाली, तिथे दिवाण आणि टीव्ही दोन्ही. पण पलंगाच्या वाट्याला दक्षिणेची साडेसात फूट भिंत आली. ६ फुटांचा पलंग ठेवला की खिडकीकडे दीड फूटच उरतं. चादर घालायला तिरकं होऊन जावं लागेल.

स्वयंपाकघरात 'अ' च्या मधोमध दारामुळे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. फ्रिज बसतो, पण त्याचं दार पूर्ण उघडत नाही. 'क' मध्ये एका बाजूला पावणेपाच फूट सलग, फ्रिज आणि कोठी दोन्ही मावतात.

ड्राय बाल्कनी ८ फूट लांब. दोन ड्रमचे ४, मशीनचे २, दाराचे अडीच. बेरीज साडेआठ. म्हणजे दोन ड्रम कुठल्याच पर्यायात बसत नाहीत. रंगीत चित्रात एकटं मशीन दाखवलेलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक ड्रम बाथरूमच्या कोपऱ्यात हलवला, तिथे तो बसतो की नाही हे त्याच पुठ्ठ्याच्या तुकड्यानं तपासलं, आणि बाल्कनीत भांडी घासायला दीड फूट सुटलं.

माप लावताना दोन ठिकाणी हात आखडता ठेवा. नकाशातली मापं बहुधा विटांपासून विटांपर्यंत असतात. दोन्हीकडच्या गिलाव्यात खोलीचा इंचभर जातो. आणि ९ इंचांचा कॉलम साडेचार इंचांच्या भिंतीत लपत नाही, तो साडेचार इंच खोलीत येतो. कोपऱ्यात "बरोबर बसतंय" असं कपाट याच कारणानं बसत नाही.

भिंत खरंच हलते का?

इमारत कॉलम-बीमची आणि आतल्या भिंती विटांच्या असतील तर आतली भिंत किंवा दार काम सुरू होण्याआधी सरकवता येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. त्यात नंतर दार पाडायचा विषयच नाही. कॉलम आणि बीमला तर कुठल्याच परिस्थितीत हात लावू देऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या जिल्ह्यानं पाहिली तिथे हे पुन्हा सांगायची वेळ येऊ नये. संडास-बाथरूमची जागा बदलायला सांगू नका, खालच्यांच्या डोक्यावर तुमचं पाणी जाईल.

शेवटी आम्ही 'क' घेतला आणि 'ब' मधली एक गोष्ट उचलली. स्वयंपाकघर आणि हॉलच्या भिंतीत, कॉलम सोडून, ३ फूट रुंद सरकती खिडकी मागितली. आरपार हवा मिळते, ताट हातोहात देता येतं, फोडणी घालताना ती बंद करता येते. खिडकीखाली फ्रिज येणार नाही अशी जागा पुठ्ठ्यावर पक्की केली. हे सगळं तोंडी न सांगता प्रिंटवर लाल शाईनं मापांसह लिहिलं: दार कोपऱ्यापासून किती इंचांवर, कुठल्या बाजूला उघडणार, खिडकीचा खालचा काठ किती उंच. त्यावर बिल्डरच्या इंजिनिअरची आणि बहिणीची सही घेतली आणि तो नकाशा कराराला जोडायला लावला.

उरला पलंग. बहीण दोन दिवस विचार करून म्हणाली, "दादा, ६ फुटी पलंग देऊ गावाकडं, ५ फुटी घेऊ." मग खिडकीकडे अडीच फूट सुटले.